वर्षातून तीनदा येणारा पैसा आणि बारा महिन्यांचा खर्च: सोयाबीन-तूर-हरभऱ्याच्या घराचा हिशेब कसा बसवावा?

मांजराकाठ

नमस्कार. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात आमची पाच एकर जमीन आहे. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दोन शाळकरी मुले अशी सहा माणसे आहोत. सासऱ्यांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाल्यापासून हिशेबाची वही माझ्याकडे आली आहे आणि तिच्यातली एक गोष्ट मला उलगडत नाही, म्हणून हा धागा काढते आहे.

पाचही एकरांवर सोयाबीन असते. त्यातल्या दोन एकरांत तुरीचे आंतरपीक असते आणि उरलेल्या तीन एकरांत सोयाबीन निघाल्यावर हरभरा पेरतो. गेल्या हंगामात ३१ क्विंटल सोयाबीनचे हमाली-तोलाई वजा जाऊन १,२८,००० रुपये नोव्हेंबरच्या सुरुवातीला आले. एक क्विंटल तूर घरच्या डाळीला ठेवून बाकी पाच क्विंटलचे ३५,००० जानेवारीअखेर आले. घरचे बियाणे बाजूला काढून १६ क्विंटल हरभऱ्याचे ८४,००० मार्चमध्ये मिळाले. एकूण २,४७,०००. तिन्ही पिकांचा मिळून खर्च १,१९,००० झाला. घरखर्च महिन्याला सरासरी ९,००० धरला तर वर्षाचा १,०८,००० होतो आणि जूनमध्ये शाळेसाठी १२,००० लागतात. याप्रमाणे वर्षाला आठ हजार शिल्लक पडायला हवी. पीएम किसान आणि नमो सन्मानचे मिळून १२,००० वेगळेच. सोसायटीचे ९०,००० चे पीककर्ज दरवर्षी मार्चअखेर नवे-जुने करून घेतो, त्यामुळे ते मी जमेतही धरलेले नाही आणि खर्चातही नाही.

प्रश्न असा आहे की मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खात्यावर १,३०,००० च्या आसपास रक्कम होती. त्याच महिन्यात बोअरची मोटर जळाली आणि नणंदेच्या घरी लग्न निघाले, त्यात चाळीस हजार गेले. तेवढे वजा करूनही भरपूर पैसे होते, पण पोळ्याच्या आधीच हात रिकामे झाले. मग औषधे कृषी सेवा केंद्रातून उधारीवर, किराणा उधारीवर आणि काढणीच्या मजुरीसाठी आडत्याकडून उचल, असा क्रम लागला. याच्या आदल्या वर्षीही थोड्याफार फरकाने हेच झाले होते. वर्षाचा हिशेब जुळत असताना मधल्या चार महिन्यांत उधारी का करावी लागते आणि ती टाळायची असेल तर वही कशी मांडावी?

शेतकरीपुत्र_पुणे

ताई, मी स्वतः नोकरी करतो, पण गावाकडचा हिशेब मीच पाहतो. यावर साधा उपाय आहे, तो म्हणजे घराला पगार सुरू करणे. तुमचे उत्पन्न २,४७,००० आणि सन्मान निधीचे १२,००० मिळून २,५९,००० होतात. त्यातून शेतीचा खर्च वजा केला की १,४०,००० उरतात. त्याला बाराने भागले तर महिन्याला साडेअकरा हजारांहून थोडे जास्त येतात. पट्टीचे पैसे आले की सगळे एका खात्यात ठेवावेत आणि दर महिन्याच्या १ तारखेला ११,५०० रुपये घरखर्चाच्या दुसऱ्या खात्यात आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला द्यावी. उरलेल्या रकमेची तीन किंवा सहा महिन्यांची मुदत ठेव करता येईल. शाळेचा खर्चही त्या पगारातूनच करायचा.

सोसायटीचे कर्ज वेळेत फेडले की तीन लाखांपर्यंत व्याज पडत नाही. तेव्हा शेतीचा सगळा खर्च कर्जातून करावा आणि पिकाचा पैसा ठेवीत राहू द्यावा. बिनव्याजी पैसा सोडून स्वतःचा पैसा शेतात घालण्यात काही अर्थ नाही.

फडकरी

आमच्याकडे कोल्हापूर भागात हेच दुखणे आहे आणि त्याचे मूळ घरखर्चात नसून बिले उशिरा निघण्यात आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी मिळाली पाहिजे आणि उशीर झाला तर वर्षाला पंधरा टक्के व्याज दिले पाहिजे. प्रत्यक्षात आमच्या कारखान्याचे बिल तुकड्यातुकड्याने आले आणि त्यातूनही सोसायटीची कपात आधी झाली. हातात काय पडेल ते कळते, पण कधी पडेल ते कळत नाही, अशा स्थितीत कोणतीही वही जुळत नाही. तुम्ही सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून व्यापाऱ्याकडून वेळेत पैसे घेण्याचा आग्रह धरा.

मांजराकाठ

फडकरी दादा, आमचे पैसे उशिरा येत नाहीत. माल घातला की पट्टी त्याच दिवशी हातात पडते आणि रक्कम फार तर दोन-चार दिवसांत खात्यावर येते. ती कुठे जाते, हा माझा प्रश्न आहे.

निवृत्त_गटसचिव

ताई, मी मराठवाड्यातच गटसचिव म्हणून नोकरी केली आणि तुमच्यासारखी पुष्कळ घरे जवळून पाहिली. तुमच्या आकड्यांत खोट नाही. खोट आहे ती वर्षाची बेरीज करून थांबण्यात. ज्या घरात पैसा तीन वेळा येतो, त्या घराने ‘वर्षात किती उरले’ याच्या आधी ‘पुढचा पैसा येईपर्यंत काय काय द्यायचे आहे’ हे मांडावे लागते. तुमचेच आकडे घेऊन मी ते करून दाखवतो. शेतीखर्चाची फोड तुम्ही दिलेली नाही, ती मी अंदाजाने धरतो आणि चुकत असेल तर तुम्ही दुरुस्त करा.

वही १ नोव्हेंबरला सुरू करा, कारण तुमचा पहिला मोठा पैसा तेव्हा येतो. समजा त्या दिवशी हातात काहीच नाही. सोयाबीनचे १,२८,००० आले. त्यातून काढणी-मळणीचे २५,००० आणि हरभऱ्याच्या पेरणीचे १५,००० लगेच गेले. जानेवारीअखेरपर्यंत हरभऱ्याची फवारणी आणि पाणी यांचे ६,०००, तुरीची फवारणी आणि काढणी यांचे ८,००० आणि तीन महिन्यांच्या घरखर्चाचे २७,००० गेले. तेवढ्यात तुरीचे ३५,००० आले. म्हणजे जानेवारीअखेर हातात ८२,००० राहिले. फेब्रुवारी-मार्चचा घरखर्च १८,००० आणि हरभऱ्याची काढणी ९,००० वजा करा, हरभऱ्याचे ८४,००० मिळवा. ३१ मार्चला तुमच्याकडे १,३९,००० आहेत.

आता पुढे पाहा. त्या दिवसापासून नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सात महिने, शेतातून एक रुपया येणार नाही. या सात महिन्यांचा घरखर्च ६३,०००, शाळेचे १२,०००, नांगरट-बियाणे-खत-पेरणी मिळून ३८,००० आणि जुलै ते सप्टेंबर तणनाशक, खुरपणी व फवारण्या यांचे १८,००० अशी बेरीज १,३१,००० होते. म्हणजे पाडव्याच्या सुमारास तुमच्या खात्यावर दिसणाऱ्या १,३९,००० पैकी मोकळे फक्त ८,००० आहेत. बाकी सगळी रक्कम कुणाला ना कुणाला द्यायची आहे, फक्त देण्याची तारीख अजून आलेली नाही.

आणि नेमक्या याच वेळी लग्नसराई असते, घरावर पत्रे टाकायचे निघतात, मोटारसायकल घ्यायची ठरते. तुमचे चाळीस हजार मे महिन्यात गेले. मग मेअखेर ८१,००० उरले. जूनचा घरखर्च, शाळा आणि पेरणी मिळून ५९,००० गेले की उरतात २२,०००. जुलैत घर आणि फवारणी यांचे १५,००० जाऊन ७,००० राहिले आणि ऑगस्टमध्ये तेही संपले. पोळ्याच्या आधी हात रिकामे झाले असे तुम्ही लिहिले आहे, ते या हिशेबाशी तंतोतंत जुळते.

मोटर जळाली तर बसवावीच लागते आणि नणंदेच्या घरी रिकाम्या हाताने जाता येत नाही, हे मला मान्य आहे. परंतु त्या दिवशी ‘खात्यावर एक लाख तीस हजार आहेत’ असे न म्हणता ‘मोकळे आठ हजार आहेत आणि बत्तीस हजार पेरणीतून घेतो आहोत’ असे वहीत लिहिले असते, तर लग्नातला आहेर किती करायचा आणि ती रक्कम कुठून भरून काढायची याचा विचार मेमध्येच झाला असता.

बचतगट_आक्का

सचिव काकांनी मांडलेले पटले. मी धाराशिव जिल्ह्यातली आहे आणि आमच्या गटातल्या बायका हे कसे करतात ते सांगते. पैसे एकाच खात्यात राहिले तर कोणता रुपया पेरणीचा आणि कोणता घरचा हे कोणालाच ओळखता येत नाही. म्हणून पट्टी आली की त्याच आठवड्यात घरखर्चाची रक्कम घरातल्या बाईच्या खात्यावर वळवायची. दुसरे असे की, आमच्या भागात महिन्याच्या हिशेबापेक्षा आठवडी बाजाराचा हिशेब जास्त चालतो. बाजाराच्या दिवशी ठरलेली रक्कम काढायची, तेल-भाजी-किराणा त्यात बसवायचा आणि पुढच्या बाजारापर्यंत खात्याला हात लावायचा नाही. वीजबिल, मोबाईल आणि दवाखाना यांची रक्कम वेगळी धरायची.

महिन्याला सारखे नऊ हजार धरणेही मला बरोबर वाटत नाही. मार्च-एप्रिलमध्ये नवी ज्वारी आणि गहू बाजारात येतात, मिरची-हळदही तेव्हाच भरतात. तेव्हा वर्षाचे धान्य आणि तिखट एकदम घेऊन ठेवले तर त्या महिन्यात पंधरा हजार जातील, पण पावसाळ्यातले महिने सात हजारांत भागतात. पावसाळ्यात दुकानातून सुटे आणि उधारीवर घेतलेले धान्य किती महाग पडते हे आम्ही गटात प्रत्यक्ष लिहून पाहिले आहे. सहा माणसांच्या घरात हा फरक लहान नसतो.

शेतकरीपुत्र_पुणे

सचिव काका, तुमचा हिशेब आणि माझा हिशेब शेवटी एकच नाही का? वेगळ्या खात्यातून पगार काढला की पेरणीचे पैसे आपोआप सुरक्षित राहतात.

निवृत्त_गटसचिव

वेगळे खाते आणि ठरलेली उचल हा तुमचा मार्ग योग्यच आहे आणि आक्कांनीही तेच सांगितले. फरक रकमेत आहे. तुम्ही वर्षाची सगळी शिल्लक बाराने भागलीत, म्हणजे ऑक्टोबरअखेर पेटीत काही राहणार नाही असे गृहीत धरले. त्यातही सन्मान निधीचे हप्ते धरलेत. ते येतात, पण कोणत्या आठवड्यात येतील हे आपल्या हातात नसते. घराची उचल वर्षाच्या सरासरीवर ठरवू नये, ती एप्रिल ते ऑक्टोबर या ताणाच्या काळावर ठरवावी. ताईंच्या बाबतीत १,३९,००० मधून पेरणी, फवारणी आणि शाळा यांचे ६८,००० बाजूला काढले तर ७१,००० उरतात. सात महिन्यांत वाटले तर महिन्याला दहा हजारांच्या जेमतेम वर ही कमाल मर्यादा आहे, आणि ती चांगल्या वर्षातली आहे. नोव्हेंबरमध्ये पेटी भरलेली दिसते म्हणून साडेअकरा हजारांची सवय लावली तर सप्टेंबरमध्ये ती मोडता येत नाही.

कर्जाबद्दल तुम्ही अर्धे बरोबर आहात. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर सात टक्के व्याज असते, वेळेत फेडणाऱ्याला केंद्राची तीन टक्के सवलत मिळते आणि उरलेला भार राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून उचलला जातो, म्हणून ते बिनव्याजी पडते. परंतु ही सगळी इमारत ‘वेळेत’ या एका शब्दावर उभी आहे. मुदत एका दिवसाने हुकली तरी सवलत जाते. मार्चमध्ये फेडायला लागणारी रक्कम तुम्ही मुदत ठेवीत अडकवली आणि ठेव मेमध्ये पिकणार असेल, तर ठेवीवर मिळवले त्याहून जास्त व्याज कर्जावर भराल.

ताई, तुम्ही कर्ज जमेत आणि खर्चात दोन्हीकडे वगळले आहे. नवे-जुने तुम्ही नेमके कसे करता?

मांजराकाठ

आमच्याकडे मार्चअखेर एका ओळखीच्या माणसाकडून आठ-दहा दिवसांसाठी ९०,००० घेतो, सोसायटीत भरतो आणि नवे कर्ज मिळाले की त्याला परत करतो. त्याला शेकडा दोन रुपये द्यावे लागतात. हरभऱ्याचे पैसे त्या वेळी खात्यावर असतात, पण सासऱ्यांचे म्हणणे असे की नवे कर्ज वेळेवर मिळाले नाही तर घर कशावर चालवायचे. काढणीचे आकडे तुम्ही धरलेत ते जवळपास बरोबर आहेत.

निवृत्त_गटसचिव

म्हणजे बिनव्याजी कर्जावर तुम्ही दरवर्षी अठराशे रुपये व्याज देता आहात. हे गावोगाव चालते. माझे मत असे आहे की हरभऱ्याच्या पैशातूनच कर्ज भरावे. १,३९,००० मधून ९०,००० भरले की हातात ४९,००० राहतात आणि एप्रिल-मेचे १८,००० जाऊन ३१,००० उरतात. या दोन महिन्यांत मोठा खर्च करायला पैसाच शिल्लक नसतो आणि पेरणीची रक्कम सोसायटीत सुरक्षित राहून जूनमध्ये नव्या कर्जाच्या रूपाने परत येते. तुमच्या घरात मे महिन्याचा मोह हीच खरी गळती आहे, ती अशाने बंद होते.

यातला धोका तुमच्या सासऱ्यांनी अचूक ओळखला आहे. पुरेसा पाऊस झाला, म्हणजे साधारण ७५ ते १०० मिलिमीटर, की सोयाबीनची पेरणी थांबवता येत नाही. त्या दिवशी कर्ज मंजूर नसेल तर ३१,००० मधून शाळा आणि जूनचे घर वजा जाऊन दहाच हजार उरतात आणि पेरणीला अठ्ठावीस हजार कमी पडतात. म्हणून मार्चमध्ये भरणा करतानाच पुढच्या कर्जाची कागदपत्रे, सातबारा आणि आठ-अ सोसायटीत देऊन ठेवावीत आणि नांगरटीचा खर्च मेमध्येच उरकावा. जिल्हा बँकेची स्थिती नाजूक असेल आणि मागच्या वर्षी कर्ज उशिरा मिळाले असेल, तर तुमच्या सासऱ्यांचा सावधपणाच योग्य ठरेल. हे तुमच्या सोसायटीचा अनुभव पाहूनच ठरवावे लागेल, त्याबद्दल मी इथून छातीठोकपणे सांगू शकत नाही.

वाशीमकर

एक वेगळा मुद्दा मांडतो. कर्ज भरण्याची एवढी घाई कशाला? २०१७ मध्ये माफी झाली, २०१९ मध्ये झाली. आमच्या गावात ज्यांनी भरले नाही त्यांचे दीड-दोन लाख सुटले आणि ज्यांनी नियमित भरले त्यांना २०२२ मध्ये फार तर पन्नास हजारांपर्यंत प्रोत्साहन मिळाले. नियमित भरणाऱ्यालाच दरवेळी तोटा होतो, हे उघड आहे.

निवृत्त_गटसचिव

तुमचा राग समजू शकतो, कारण नियमित शेतकऱ्यांचे असे चेहरे मी टेबलापलीकडून पाहिले आहेत. परंतु हा प्रश्न न्यायाचा आहे आणि ताईंचा प्रश्न जून महिन्याचा आहे. थकीत खाते झाले की त्या जूनमध्ये नवे कर्ज मिळत नाही. मग पेरणी सावकाराच्या किंवा दुकानदाराच्या पैशावर करावी लागते, आणि माफीची घोषणा पुढच्या वर्षी होईल की पाच वर्षांनी, हे कोणीच सांगू शकत नाही. ज्याच्या घरात दुसरे उत्पन्न आहे त्याने काय करावे हा वेगळा विषय आहे.

बचतगट_आक्का

ताई, एक विचारते. काढणीच्या वेळी आडत्याची उचल किती घेतली होती आणि माल कधी घातला?

मांजराकाठ

उचल १५,००० ची होती, कारण काढणीची टोळी उक्ते घेते आणि शेवटचे वावर झाले की त्याच संध्याकाळी पैसे मागते. मळणीवाला ओळखीचा आहे, तो विक्रीपर्यंत थांबतो. उचल असल्यामुळे मळणी झाल्याबरोबर सगळा माल त्याच दुकानावर घालावा लागला. ओल जास्त आहे म्हणून भावात कपात लागली. दुसऱ्या दुकानावर त्या दिवशी शंभर-दीडशे रुपये जास्त निघाले होते, पण तिकडे जाता आले नाही.

निवृत्त_गटसचिव

आक्कांनी नेमक्या जागी बोट ठेवले. उधारीची खरी किंमत व्याजात दिसत नाही, ती इथे दिसते. क्विंटलमागे शंभर रुपये धरले तरी ३१ क्विंटलचे ३,१०० रुपये होतात. पंधरा हजारांच्या तीन आठवड्यांच्या उचलीसाठी एवढे गेले, आणि ओलीची कपात वेगळी. मळणीनंतर चार-पाच दिवस ताडपत्रीवर ऊन दिले आणि ओलावा बारा टक्क्यांच्या आसपास आणला तर ती कपात टळते. हमीभावाच्या खरेदी केंद्रावरही बारा टक्क्यांचीच अट असते. पण ज्याच्या डोक्यावर उचल आहे त्याला ते चार-पाच दिवस मिळत नाहीत.

म्हणून तुमची पहिली बचत कोणती असावी, तर ऑक्टोबरच्या काढणीची मजुरी. मोकळे राहणारे आठ हजार आणि सन्मान निधीचे बारा हजार मिळून वीस हजार होतात. ते कोणत्याही महिन्याच्या खर्चात न धरता त्यातले पंधरा हजार दसऱ्यापर्यंत राखून ठेवा. हप्ता उशिरा आला तरी अडचण नाही, कारण त्या रकमेवर तुमचे घर चालत नाही. एकदा उचल टळली की माल कधी आणि कुठे विकायचा हे तुम्ही ठरवाल.

आणि मग सगळा माल एकदम विकण्याचीही गरज राहत नाही. नोव्हेंबर ते जानेवारीअखेर तुमचा एकूण खर्च ८१,००० आहे. काढणीच्या मजुरीचे १५,००० आधीच दिलेले असतील तर तुरीचे पैसे येईपर्यंत ६६,००० लागतील. तेवढ्यासाठी सोळा-सतरा क्विंटल सोयाबीन पुरते. घट-तूट धरून एकोणीस विका. बारा क्विंटल थांबवता येतील.

वाशीमकर

थांबवून काय मिळाले ते आम्हाला विचारा. २०२१ च्या ऑगस्टमध्ये भाव दहा हजारांच्या घरात गेलेला पाहून पुढच्या हंगामांत सगळ्यांनी माल घरात ठेवला. २०२२ च्या दिवाळीनंतर साडेपाच हजारांच्या आसपास असलेला भाव पुढच्या उन्हाळ्यात पाच हजारांच्याही खाली आला. वजनात घट आली ती वेगळीच. सोयाबीनचा भाव आपल्या गावावर ठरत नाही, तो बाहेरच्या तेल-पेंडीच्या बाजारावर ठरतो. ज्या घराला आठ हजारांची शिल्लक आहे त्याने भावाची जोखीम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निवृत्त_गटसचिव

आपला मुद्दा रास्त आहे आणि त्याला माझ्याकडे पुरते उत्तर नाही. भाव वाढेल म्हणून थांबा असे मी म्हणणार नाही. बारा क्विंटल म्हणजे सगळ्या मालाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त माल आहे, तो फेब्रुवारीपर्यंत ठेवण्यात मला एवढाच फायदा दिसतो की सगळा पैसा एकदम हातात येत नाही. मार्चच्या भरण्याच्या आधी तो विकलाच पाहिजे, भाव काहीही असो. मधेच नड आली तर पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवला की किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी मिळते. बारा क्विंटलवर साधारण सदतीस हजार मिळतील आणि सहा महिन्यांचे व्याज अकराशेच्या आसपास होईल. दुकानदाराच्या उधारीपेक्षा हे कितीतरी स्वस्त आहे.

फडकरी

मी आधी प्रश्न नीट वाचला नव्हता असे दिसते. सचिव काकांचा हिशेब वाचून एक सुचवतो. आमच्याकडे ऊस असला तरी घर उसावर चालत नाही, ते दोन म्हशींच्या दुधावर चालते, कारण दुधाचे बिल दर दहा दिवसांनी येते. उसाचा पैसा कर्ज, लग्न आणि घर यांच्यासाठी. ताईंकडे बोअर आहे, हिरवा चारा होऊ शकेल.

मांजराकाठ

दादा, बोअरला उन्हाळ्यात तासभरही पाणी येत नाही आणि दूध गोळा करणारी गाडी आमच्या वस्तीपर्यंत येत नाही. एक म्हैस आहे, तिचे दूध घरातच लागते.

सचिव काका, एक शंका राहिली. हे सगळे आकडे चांगल्या वर्षाचे आहेत. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीत आमच्या शेजारच्या वावरांत शेंगा जागेवर कुजल्या. एकरी दोन क्विंटल जरी कमी झाले तरी दहा क्विंटलचे चाळीस हजार जातात. त्या वर्षी वही कशी बसवायची?

निवृत्त_गटसचिव

त्या वर्षी ती बसणार नाही, आणि बसेल असे सांगणे म्हणजे तुमची फसवणूक होईल. आठ हजारांच्या शिल्लकीवर चाळीस हजारांचा खड्डा भरत नाही. विम्याची आणि नुकसानभरपाईची रक्कम येते तेव्हा उपयोगी पडते, पण हरभऱ्याची पेरणी तिच्या भरवशावर ठेवता येत नाही. काढणीच्या निधीतून उरलेले दरवर्षीचे पाच हजार आणि आडत, नवे-जुने व ओल यांत वाचलेले चार-पाच हजार वेगळे ठेवत गेलात, तर चार-पाच वर्षांत एका वाईट हंगामाची रक्कम उभी राहील. मधल्या काळात वाईट वर्ष आलेच, तर आधी कोणता खर्च थांबवायचा हे आत्ताच घरात बसून ठरवा. माझ्या मते हरभऱ्याची पेरणी कधीही थांबवू नये, कारण तोच पुढचा पैसा आहे. अशा वेळी सावकारापेक्षा सोनेतारण बरे, पण तेही हरभऱ्याच्या पैशातून सुटेल एवढ्याच रकमेचे घ्या.

शेतकरीपुत्र_पुणे

इथे एक विचारावेसे वाटते. घरच्या कर्त्या पुरुषांना हे पटवायचे कसे? माझे वडील खात्यावर रक्कम दिसली की ती खर्चायला मोकळी आहे असेच समजतात आणि मुलाने अडवलेले त्यांना आवडत नाही.

बचतगट_आक्का

सगळ्यांच्या घरी हे आहे. आमच्या गटातल्या एका बाईने पाडव्याला वहीचे एक पान भिंतीवर लावले. त्यावर डावीकडे महिने आणि उजवीकडे त्या महिन्यात द्यायची रक्कम एवढेच लिहिले होते. जमेचा आकडा तिने लिहिलाच नाही. तिच्या सासऱ्यांनीच पुढे ट्रॅक्टरवाल्याला सांगितले की नांगरटीचे पैसे काढून ठेवलेले आहेत. प्रत्येक घरात असे होईल असे मी म्हणत नाही.

मांजराकाठ

सर्वांचे आभार. आज सासऱ्यांसमोर हे आकडे वाचून दाखवले. काढणीची मजुरी बाजूला ठेवणे आणि घरखर्चाचे वेगळे खाते करणे हे दोन्ही त्यांना मान्य आहे. कर्ज हरभऱ्याच्या पैशातून भरण्याला त्यांची अजून तयारी नाही. २०२३ मध्ये आमच्या सोसायटीचे कर्ज जुलैत मिळाले होते याची त्यांनी आठवण करून दिली. यंदा निम्मी रक्कम स्वतःची भरावी आणि निम्मी हातउसनी घ्यावी, असे त्यांचे म्हणणे आहे. बारा क्विंटल ठेवण्याबद्दल घरात दोन मते आहेत.

निवृत्त_गटसचिव

निम्मे-निम्मे हा मार्ग वाईट नाही, व्याज नऊशेच पडेल. माल ठेवायचा ठरला तर एवढे करा: दसऱ्याच्या आधीच बाजार समितीत जाऊन तारणासाठी जागा आहे का ते विचारा, कारण हंगामात गोदामे लवकर भरतात. सातबाऱ्यावर सोयाबीनचा पीकपेरा नोंदलेला असायला हवा, ई-पीक पाहणी राहिली असेल तर मुदतीत करून घ्या. माल वाळवून, चाळणी मारून, चांगल्या बारदान्यात भरून न्या आणि तिथे ओलावा मोजतील तेव्हा स्वतः उभे राहा.

वाशीमकर

आणि वजनाची पावती त्याच दिवशी घ्या. भावाबद्दलचे माझे मत मात्र तेच आहे.